पॉवरलाईन अडॅप्टरची जोडणी पुन्हा पुन्हा तुटते: पेअरचं बटण दाबण्याआधी फेज आणि स्पाईक गार्ड तपासा

लक्षण असं असतं. खाली राउटरजवळ एक अडॅप्टर, वर माडीवर दुसरा. दोन्हींवरचा पॉवरचा दिवा लागलेला, पण मधला, घराचं चित्र असलेला दिवा विझलेला. वरच्या लॅपटॉपवर नेट नाही. मग कोणीतरी पेअरचं बटण दाबतं, अडॅप्टर काढून परत खोचतं, आणि दिवा लागतो. दोन दिवस बरे जातात आणि परत तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नेटची कामं करताना ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, कारण आपल्याकडची जुनी घरं. दीड-दोन फूट रुंदीच्या मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंतींतून वायफाय पुढे जात नाही, म्हणून लोक विजेच्या वायरीतूनच नेट नेणारी ही जोडी घेतात. निवड चुकीची नाही. पण जोडी तुटली की सगळे बटणाच्या मागे लागतात, आणि बिघाड बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतो.

आधी एक खोटा गजर बाजूला काढू. वरचा लॅपटॉप किंवा टीव्ही बंद करून काही मिनिटं झाली की बरेच अडॅप्टर स्वतःहून झोपतात. पाचेक मिनिटांनी घराचा दिवा विझतो, पॉवरचा दिवा मधूनच एखादी उघडझाप करतो. वीज वाचवण्यासाठी ती केलेली सोय आहे. लॅपटॉप चालू केला, नेटची वायर खोचली, की थोड्या वेळात अडॅप्टर जागा होतो. त्यामुळे "सकाळी बघितलं तर दिवा विझलेला होता" एवढ्यावरून काही ठरवू नका. वरचं उपकरण चालू असताना दिवा विझतो का, हे बघा.

खरंच तुटतंय अशी खात्री झाली की एकच चाचणी सगळ्यांत आधी करायची. दोन्ही अडॅप्टर काढून एकाच खोलीत, एकाच स्विचबोर्डावरच्या दोन सॉकेटमध्ये खोचा. एकच सॉकेट असेल तर फ्यूज-स्विचपलीकडे काही नसलेला साधा एक्स्टेंशन बोर्ड वापरा. स्पाईक गार्ड वापरू नका, त्याचं कारण पुढे येईल. दोन मिनिटं थांबा. बटण दाबू नका.

इथे घराचा दिवा आपोआप लागला, तर दोन गोष्टी सिद्ध झाल्या: दोन्ही अडॅप्टर शाबूत आहेत, आणि त्यांची जोडी अजून त्यांच्या स्मरणात आहे. म्हणजे बटण दाबायचं काहीच कारण नाही, बिघाड दोन जागांमधल्या वायरिंगमध्ये आहे. शेजारी शेजारी असूनही दिवा लागला नाही, तरच बटणाकडे वळायचं. ही चाचणी न करता बटण दाबलं की शाबूत जोडीच मोडून बसण्याची शक्यता असते, आणि मग एकाऐवजी दोन बिघाड शोधावे लागतात.

खानापूरकडचं एक घर

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात जवळपास सगळंच येतं. पुढचा भाग जुना: सोपा, माजघर, मातीच्या भिंती. मागे नंतर बांधलेलं सिमेंटचं घर आणि त्यावर माडी. राउटर सोप्यात, मुलाची कामाची खोली माडीवर. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. संध्याकाळी परदेशातल्या लोकांबरोबर त्याच्या बैठका असतात आणि नेमकं तेव्हाच नेट जातं.

"बटण दाबलं की येतंय, मग परत जातंय," गुरुजी म्हणाले. "डबा बदलून आणू काय?"

डबा बदलायची गरज नव्हती. सोप्यातल्या एकाच बोर्डावर दोन्ही लावले तर दिवा लगेच लागला. अडॅप्टर बनवणाऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम संगणकावर टाकला, त्यात दोघांमधला वेग ३०० मेगाबिटच्या वर दिसत होता. वरचा अडॅप्टर माडीवर नेला तर तो १५च्या आसपास आला आणि मधूनच शून्य व्हायचा. इतकी मोठी घसरण नुसत्या अंतराने होत नाही.

घर थ्री फेजवर होतं. माडी बांधली, गीझर आला, विहिरीवर मोटर बसली, तेव्हा सिंगल फेजवरून थ्री फेज घेतलेलं. मीटरजवळच्या डीबीत, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीत, फिरवायचे दोन फेज सिलेक्टर होते, एक पुढच्या जुन्या घरासाठी आणि एक माडीसाठी. आपल्याकडे हे बऱ्याच घरांत असतं. एका फेजला होल्टेज पडलं की सिलेक्टर फिरवून त्या भागाला दुसऱ्या फेजवर टाकतात. सोपा एका फेजवर, माडी दुसऱ्या, आणि होल्टेजप्रमाणे दोन्ही सिलेक्टर वेगवेगळ्या वेळी फिरवले जात होते.

आता जोडी का तुटायची ते बघा. पॉवरलाईनचा सिग्नल वायरीतून जातो तो विजेच्या ५० हर्ट्झच्या कितीतरी वरच्या पट्टीत. होमप्लग एव्ही या प्रकारात ही पट्टी साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झ आहे. नंतरच्या एव्ही२मध्ये ती ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. एका खोलीतून निघालेला सिग्नल त्या लाईनने डीबीपर्यंत येतो, एमसीबीतून वर चढतो, फेजच्या धातूच्या पट्टीवर येतो आणि तिथून दुसऱ्या एमसीबीतून दुसऱ्या खोलीकडे उतरतो. एमसीबी हा काही मोठा अडथळा नाही. वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, पण फेज तोच, अशा ठिकाणी सिग्नल कमी होतो तो मुख्यतः लांबीमुळे आणि पट्टीवर येऊन घरातल्या सगळ्या लाईनींत वाटला जातो म्हणून. तरी पुरेसा पोचतो.

फेजच वेगळा असेल तर मात्र दोन पट्ट्यांमध्ये थेट धातूची वाट नसते. सिग्नल पलीकडे जातो तो दोन फेजच्या वायरी एकाच पाइपातून शेजारी शेजारी धावतात म्हणून, एकातून दुसऱ्यात जो काही झिरपतो तेवढाच. काही घरांत तेवढ्यावरही काम भागतं. गुरुजींच्या घरी ते दिवसा जेमतेम भागायचं. संध्याकाळी घरोघरी एलईडी ट्यूब, टीव्ही, चार्जर, मिक्सर सुरू झाले की वायरीवरचा गोंगाट वाढायचा आणि तो झिरपलेला सिग्नल त्यात बुडायचा.

बटण दाबल्यावर का यायचं, त्याचंही उत्तर इथेच आहे. अडॅप्टर नव्याने सुरू झाला की तो वायरीची अवस्था परत तपासतो, पट्टीतले कोणते भाग त्या क्षणी स्वच्छ आहेत ते बघतो आणि त्यांवरून बोलायला लागतो. म्हणून दिवा लागतो. पुढच्या गोंगाटात परत जातो. नुसतं काढून खोचलं असतं तरी तेवढाच उपयोग झाला असता. आणि कधी कधी योगायोगाने दोन्ही सिलेक्टर एकाच फेजवर यायचे, तेव्हा आठवडाभर सगळं उत्तम चालायचं. त्या आठवड्याचं श्रेय शेवटच्या बटण दाबण्याला मिळायचं.

फेज वेगळा आहे हे कसं ओळखायचं

यासाठी डीबी उघडून तारांना हात लावायची गरज नाही, आणि लावूही नका. दोन फेजमध्ये सुमारे ४१५ होल्ट असतात. ते मोजायचं काम वायरमनचं.

सुरक्षित मार्ग दोन आहेत. पहिला, एक फेज जातो तेव्हा नीट बघा. आपल्याकडे "एक फेज गेला, अर्धं घर अंधारात" हे घडतंच. त्या वेळी राउटरच्या खोलीतली आणि वरच्या खोलीतली सॉकेट दोन्ही एकदम बंद होतात का, की एक चालू राहतं? एक चालू राहिलं तर दोन्ही वेगळ्या फेजवर आहेत, आणखी पुराव्याची गरज नाही. हे बघताना इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावा, नाहीतर इन्व्हर्टर तुम्हाला फसवेल. दुसरा, सिलेक्टर असतील तर दोन्ही एकाच खुणेवर आणून बघा. आर, वाय, बी अशी अक्षरं असतात किंवा १, २, ३. सिलेक्टर फिरवण्याआधी त्या भागातले गीझर, मोटर, एसी, फ्रिज बंद करा, भार चालू असताना फिरवलं तर आत ठिणगी पडते. दोन्ही एका खुणेवर आल्यावर वेग चांगला वाढला तर निदान झालं. गुरुजींकडे १५चा ९०च्या आसपास गेला.

कोणत्या एमसीबीवर कोणती लाईन आहे हे बघायला एक एक एमसीबी खाली करा आणि कोणता अडॅप्टर विझतो ते बघा. हे कोणालाही जमतं. पण एमसीबी वेगळा आहे म्हणजे फेज वेगळा आहे असं नाही, हे लक्षात असू द्या. सिंगल फेजच्या घरात सगळे एमसीबी एकाच फेजवर असतात. तिथे फेजची शंका सोडून द्या आणि सरळ स्पाईक गार्डच्या भागाकडे जा.

थोड्या थोड्या वेळाने तुटत असेल आणि कधी तुटतं तेच कळत नसेल, तर वरच्या विंडोजच्या लॅपटॉपवर राउटरला सारखा पिंग लावून ठेवा:

```
ping -t 192.168.1.1
```

राउटरचा पत्ता तुमच्याकडे `192.168.0.1` किंवा आणखी काही असेल तर तो घाला. `Request timed out` दिसायला लागलं की घरात त्या क्षणी काय सुरू झालं ते बघा. मोटर, मिक्सर, कोणाचा चार्जर, की खाली कोणी सिलेक्टर फिरवला. Ctrl आणि C दाबलं की थांबतं. नेटच गेलंय की अडॅप्टरची जोडी गेलीय, हाही गोंधळ यात मिटतो. राउटर उत्तर देतोय पण संकेतस्थळं उघडत नाहीत, तर दोष बाहेरच्या लाईनचा आहे, अडॅप्टरला कशाला छळायचं?

वायरमनने काय केलं

सोपा उपाय म्हणजे दोन्ही सिलेक्टर कायम एका फेजवर ठेवणं. पण मग पूर्ण घराचा भार एका फेजवर येतो, त्यात गीझर आणि एसी. ते बरोबर नाही. आणि होल्टेज पडलं की कोणीतरी एक सिलेक्टर फिरवणारच.

वायरमनला मी म्हटलं, "मामा, माडीची सगळी लाईन नको. फक्त त्या खोलीची दिवे-पंख्याची पाच अँपियरची लाईन पुढच्या सिलेक्टरवर येईल काय?"

"येईल की सर, पण न्यूट्रल पण आणायला लागंल. नुसता फेज उचलून टाकला तर आरसीसीबी पडणार बघा."

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि घाईत केलेल्या कामात हमखास राहतो. आरसीसीबी म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारा स्विच. प्रत्येक फेजला तो वेगळा असेल तर त्याचा न्यूट्रलही वेगळा असतो. फेज एका आरसीसीबीतून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून परत गेला की जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही, आणि त्याला गळती समजून आरसीसीबी खटकन पडतो. मामांनी त्या लाईनचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोप्याच्या बाजूला आणले. गीझर आणि एसीची जाड लाईन माडीच्या सिलेक्टरवरच राहिली, म्हणजे भाराची वाटणी जवळपास होती तशीच.

आता सोपा आणि वरची कामाची खोली एकाच सिलेक्टरच्या मागे आहेत. नुसतं "एकाच फेजवर" असणं पुरत नाही ते यामुळेच. सिलेक्टर फिरवला तर दोन्ही अडॅप्टर एकदम बंद होतात, एकदम नव्या फेजवर येतात आणि मिनिटभरात परत एकमेकांना सापडतात. थ्री फेजच्या घरात ज्यांना कायमचा इलाज हवा आहे त्यांनी वायरमनकडे हेच मागावं. दोन फेजमध्ये कपॅसिटर बसवून सिग्नलला वाट करून देणारे कपलरही असतात, पण ते डीबीत थेट दोन फेजच्या मध्ये बसतात. तिथे सुमार भाग वापरणं धोक्याचं आहे. लाईन बदलता येत असेल तर मी कपलरच्या वाटेला जात नाही.

मग तरीही मधूनच का तुटत होतं

फेजचं काम झालं, वेग ९०वर स्थिर झाला, आणि तरी मुलाचा फोन आला: कामाला बसलो की कमी होतंय. रात्री उठून गेलो की बरं असतं.

टेबलाखाली बघितलं तर अडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, सांगितल्याप्रमाणे थेट. शेजारच्याच सॉकेटमध्ये स्पाईक गार्ड, त्यावर संगणक, मॉनिटर, प्रिंटर. काम संपलं की मुलगा स्पाईक गार्डची पिन काढून ठेवायचा.

अडॅप्टरच्या खोक्यावर "स्पाईक गार्डमध्ये लावू नका" असं लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक ते पाळतात. पण स्पाईक गार्ड शेजारी असला तरी नुकसान होतं, हे सहसा लिहिलेलं नसतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच स्पाईक गार्डच्या आत फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये होल्टेजचा झटका शोषणारा व्हॅरिस्टर आणि गोंगाट गाळणारा कपॅसिटर असतो. समजा तो कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे ३२ हजार ओहम, म्हणजे विजेच्या लेखी तो जवळपास नाहीच. पण तोच कपॅसिटर १० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला हिशेबाने एक ओहमपेक्षाही कमी, म्हणजे जवळपास शॉर्ट. वरच्या पट्टीत जे काही येईल त्याला गोंगाट समजून गिळायचं हेच त्याचं काम, आणि आपला सिग्नल नेमका त्याच पट्टीत आहे. पाटातलं पाणी पुढच्या वाफ्यात पोचायच्या आधीच बांध फोडून वाहून जावं, तसा सिग्नल पुढे जाण्याऐवजी शेजारच्या सॉकेटमध्येच जिरतो.

वायरीची लांबी इथे मदत करते. इतक्या वरच्या पट्टीत सरळ वायरही अडथळा करते, म्हणून स्पाईक गार्ड चार-पाच मीटर वायरीपलीकडे असेल तर तो तितका गिळू शकत नाही. आखूड वायरीचा, बोर्डाला चिकटलेला स्पाईक गार्ड सगळ्यांत वाईट.

तपासणं सोपं आहे. वेगाचा आकडा समोर ठेवा आणि स्पाईक गार्डची पिन काढा. नुसतं त्याचं बटण बंद करू नका. काही स्पाईक गार्डमध्ये कपॅसिटर बटणाच्या अलीकडे, वायरीच्या बाजूला असतो, तेव्हा बटण बंद असूनही तो लाईनवर असतोच. पिन काढल्यावर आकडा उडी मारून वर गेला तर चोर सापडला. गुरुजींकडे पिन लावली की ९०चा ३० व्हायचा.

आम्ही अडॅप्टर खोलीच्या समोरच्या भिंतीवरच्या बोर्डावर नेला आणि नेटची लांब वायर टेबलापर्यंत आणली. स्पाईक गार्ड जागचा हलवला नाही. अंतर वाढलं आणि आकडा ८०च्या वर राहिला. खोलीत दुसरा बोर्ड नसेल तर अंगावरच सॉकेट असलेला अडॅप्टर घ्या आणि स्पाईक गार्ड त्या सॉकेटमध्ये लावा. त्या सॉकेटच्या आत सिग्नल अडवणारी गाळणी असते, त्यामुळे पलीकडचा कपॅसिटर सिग्नलपर्यंत पोचत नाही. आपल्या पिनेचे असे अडॅप्टर मिळायला कठीण, ते आधीच सांगतो. परदेशी दोन गोल पिनेचा अडॅप्टर कनव्हर्टर लावून खोचला तर तो सैल बसतो, आणि सैल पिन म्हणजे तुटणाऱ्या जोडीचं आणखी एक कारण. पिन गरम लागली तर तो कनव्हर्टर फेकून द्या.

यावर गुरुजींनी योग्य प्रश्न विचारला: "मग वळवात वीज कडाडली की अडॅप्टरला कोण वाचवणार?" एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे वळीव कसा कोसळतो ते सगळ्यांना माहीत आहे. स्पाईक गार्डमागे अडॅप्टर चालत नाही, तेव्हा ढग गडगडायला लागले की अडॅप्टर सॉकेटमधून काढायचा आणि नेटची वायरही दोन्ही टोकांना सोडवायची. जवळ पडलेल्या विजेपुढे स्पाईक गार्डही पुरेसा पडत नाही. जोडी स्मरणात राहते, परत खोचली की आपोआप लागते, त्यामुळे काढायला घाबरायचं कारण नाही.

इन्व्हर्टर असेल तर

घरातली काही सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर असतात. लाईट असताना ती मेनशी इन्व्हर्टरच्या आतल्या रिलेतून जोडलेली असतात. लाईट गेली की रिले पलटतो आणि त्या सॉकेटचा फेज मेनपासून सुटतो. एक अडॅप्टर इन्व्हर्टरवर आणि दुसरा मेनवर असेल तर लाईट गेल्यावर मेनवरचा बंदच पडतो, त्यात आश्चर्य नाही. पण लाईट असतानाही अशी जोडी कमजोर असते, कारण सिग्नल इन्व्हर्टरच्या आतून जातो आणि तिथेही गाळण्या असतात. दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्याच लाईनवर आणता आले तर आणा. मात्र स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर बॅटरीवर गेला की वायरीवर इतका गोंगाट करतो की दोन्ही त्याच्यावर असूनही जोडी तुटू शकते. लाईट गेल्या गेल्या तुटतं आणि लाईट आली की स्वतःहून जुळतं, असं असेल तर इन्व्हर्टरकडे बघा.

आता बटण, आणि फक्त आताच

एका बोर्डावर शेजारी शेजारी लावूनही दिवा लागत नाही, तेव्हा जोडी खरंच मोडलेली आहे. त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी बटण फार वेळ दाबून धरलं. या एका बटणाला दोन कामं असतात. सेकंदभर दाबलं तर "जोडी कर". बहुतेक बनावटींत आठ-दहा सेकंद दाबून धरलं तर "आहे ती जोडी विसर". दुसऱ्या प्रकारात अडॅप्टर स्वतःसाठी नवी, यादृच्छिक किल्ली, म्हणजे जोडीचा गुप्त शब्द, तयार करतो, आणि पलीकडचा जुन्याच किल्लीने हाक मारत बसतो. दोघांचे पॉवरचे दिवे लागलेले, पण भाषा वेगळी.

दुरुस्ती करताना दोन्ही एकाच साध्या बोर्डावर ठेवा. दोनच असतील तर दोघांवर बटण दहा सेकंद दाबून जुनी जोडी पुसा, दिवे विझून परत लागू द्या, मिनिटभर थांबा. मग राउटरकडच्या अडॅप्टरवर सेकंदभर दाबा, पॉवरचा दिवा उघडझाप करू लागेल. दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावर सेकंदभर दाबा. दोन्हींवर घराचा दिवा लागला की काम झालं. मग वरचा अडॅप्टर त्याच्या जागी न्या. वर-खाली धावत बटण दाबायला जाल तर दोन मिनिटं तिथेच संपतात, आणि कमजोर लाईनवर जोडणी अर्धवट राहते.

तीन अडॅप्टर असतील तर क्रम चुकवू नका. जे दोन अजून एकमेकांशी बोलतायत त्यांना पुसायचं नाही. फक्त सुटलेल्याला पुसा. मग बोलणाऱ्या दोघांपैकी एकावर आधी सेकंदभर दाबा, नंतर सुटलेल्यावर. गुरुजींच्या शेजारी असंच झालं होतं: तिसरा चालेना म्हणून तिघांनाही दाबून धरलं आणि तिघंही तीन दिशांना.

टाचणीने दाबायचं रिसेटचं भोक असेल तर ते शेवटचा उपाय. त्याने कारखान्याची मूळ अवस्था परत येते, आणि होमप्लग एव्हीच्या बऱ्याच अडॅप्टरांत जाळ्याचं नाव पुन्हा सगळ्यांना सारखं असलेलं `HomePlugAV` होतं. त्या नावाने दोन अडॅप्टर बटण न दाबताही जुळतात. सोयीचं वाटतं, पण एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, भिंतीला भिंत लागलेल्या शेजारघरात कोणाकडे तसाच अडॅप्टर असेल तर तोही जुळू शकतो. म्हणून रिसेटनंतर बटणाने स्वतःची जोडी करूनच ठेवा.

आणि हे सगळं करूनही शेजारी शेजारी दिवा लागत नसेल, तर दोन्हींच्या मागचं लेबल वाचा. एक मोडला म्हणून कोणी दुसऱ्या प्रकारचा आणला असेल तर बटण कितीही दाबा. होमप्लग एव्ही आणि एव्ही२ एकमेकांशी बोलतात, पण जी डॉट एचएन हा वेगळा प्रकार आहे आणि तो होमप्लगशी जुळत नाही.

शेवटी जिथे हा मार्गच बंद आहे ती ठिकाणं. दोन वेगळे मीटर, मग ते एकाच घराचे असोत, भरवशाचे धरू नका. परसातल्या गोठ्याची किंवा मोटरच्या खोलीची लाईन वेगळ्या मीटरवरून येते, तिथे अडॅप्टर नेऊन वेळ घालवू नका. एकाच छताखाली असेल तर कॅट-६ची वायर भिंतीच्या कडेने ओढा, सलग वायर १०० मीटरपर्यंत चालते. अंगण ओलांडून दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर टाका, म्हणजे वळवातली वीज त्या वायरीतून एका घरातून दुसऱ्या घरात जाणार नाही.